संवाद-ॲपवरून पाठविलेल्या छायाचित्रांचा व चित्रफितींचा दर्जा आणि कॉलमधील डेटा-बचत : पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील अध्यापनाच्या संदर्भात

बीजसंज्ञा : संपीडन, पिक्सेल, अपलोड, हस्तलिखित उत्तरपत्रिका, ध्वनिसंकेतन

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि अध्यापनाचा बराचसा व्यवहार भ्रमणध्वनीवरील संवाद-ॲपकडे वळला. पुढे वर्ग पूर्ववत सुरू झाले, तरी स्वाध्याय, प्रकल्पाचे टिपण, प्रात्यक्षिकाच्या वहीचे पान यांचे छायाचित्र काढून प्राध्यापकांना पाठविण्याची सवय कायम राहिली. पालघर जिल्ह्यात, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्यात, ती कायम राहण्यास विशेष कारण आहे. एकाच वर्गात बोईसरच्या औद्योगिक वसाहतीलगत राहणारा, तारापूर किंवा सातपाटीहून येणारा आणि जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागातून येणारा विद्यार्थी शेजारी-शेजारी बसतो. पहिल्याच्या घरी वेगवान इंटरनेट असते. शेवटच्याला संदेश पाठविण्यासाठी कधी कधी टेकडीवर जाऊन उभे राहावे लागते.

प्रस्तुत लेखामागे लेखकाची स्वतःचीच एक चूक आहे. रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने अनुमापनाच्या प्रयोगाचे पान छायाचित्र म्हणून पाठविले होते. ब्युरेटचे वाचन १३.३ असे वाचून लेखकाने पुढील सर्व आकडेमोड चुकीची ठरविली व गुण कापले. नंतर विद्यार्थ्याने मूळ वही समोर ठेवली तेव्हा तो आकडा १३.८ असल्याचे दिसले. आकडेमोड अचूक होती, हस्ताक्षरही वाईट नव्हते. चूक वही आणि पडदा यांच्यामध्ये कोठेतरी घडली होती. ती कोठे घडते, याचे विवेचन येथे करावयाचे आहे. ज्याचे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे अशा व्हॉट्सॲपचे उदाहरण प्रामुख्याने घेतले आहे. सिग्नलची रचना तत्त्वतः निराळी नाही.

छायाचित्र कोणाच्या फोनवर लहान होते?

अनेक सहकाऱ्यांची अशी समजूत आढळते की, छायाचित्र कंपनीच्या सर्व्हरवर लहान केले जाते, किंवा आपल्या फोनमध्ये 'डाउनलोड'ची काही मांडणी बदलल्यास ते स्पष्ट दिसू लागेल. वस्तुस्थिती तशी नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश व त्यांसोबतची छायाचित्रे पाठविणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतात व घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतात. मधल्या सर्व्हरला छायाचित्र दिसतच नाही, त्यामुळे ते लहान करणेही त्याला शक्य नाही. म्हणून छायाचित्राचे संपीडन कुलूप लावण्यापूर्वी, म्हणजे विद्यार्थ्याच्याच फोनवर होते. तेथे जो तपशील गळला तो प्राध्यापकाच्या फोनवर कोणत्याही उपायाने परत येत नाही. घेणाऱ्याच्या फोनमधील 'ऑटो-डाउनलोड'ची मांडणी छायाचित्र केव्हा उतरवावे हे ठरवते. गळलेला तपशील ती परत आणीत नाही.

यावरून दुसरी एक गोष्ट स्पष्ट होते. आलेले छायाचित्र दुसऱ्याला 'फॉरवर्ड' केल्यास तीच कुलूपबंद प्रत पुढे जाते व दर्जा सहसा पुन्हा घसरत नाही. मात्र तेच छायाचित्र गॅलरीत साठवून, थोडे कातरून किंवा पडद्याचा 'स्क्रीनशॉट' घेऊन नव्याने पाठविले, तर संपीडन नव्याने होते. वर्गप्रतिनिधीने सर्वांची पाने गोळा करून 'व्यवस्थित' करून पाठविण्याची जी पद्धत आहे, ती या दृष्टीने सर्वांत घातक होय.

एका पानाचा हिशेब

आजच्या साधारण फोनचा कॅमेरा ४००० × ३००० पिक्सेलचे, म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास ठिपक्यांचे छायाचित्र काढतो. वहीचे किंवा उत्तरपत्रिकेचे ए-४ आकाराचे पान २९७ मिलिमीटर लांब असते. पानाने चौकट पूर्ण भरली असे धरले, तर प्रत्येक मिलिमीटरला सुमारे १३.५ पिक्सेल मिळतात. वाचनासाठी हे पुरेसे, किंबहुना गरजेपेक्षा अधिकच आहे.

व्हॉट्सॲपच्या सर्वसाधारण दर्जात छायाचित्राची मोठी बाजू बराच काळ १६०० पिक्सेलच्या आसपास ठेवली जात असे. फोन व ॲपची आवृत्ती यांनुसार आकडा बदलतो. पण हिशेबासाठी तोच धरू. आता मिलिमीटरला ५.४ पिक्सेल उरले. पान चौकटीत तिरपे असेल आणि कडेला सतरंजी व विद्यार्थ्याची बोटेही आली असतील, तर पानाच्या वाट्याला लांबीच्या ६० टक्केच जागा येते आणि मिलिमीटरला अवघे ३.२ पिक्सेल राहतात. छापील मजकुरातील अनुस्वाराचा ठिपका ०.४ मिलिमीटरचा मानला, तर मूळ छायाचित्रात त्याला ५ पिक्सेलहून अधिक रुंदी मिळते, सर्वसाधारण दर्जात २ आणि तिरप्या पानात जेमतेम १. 'त्यांनी'चे 'त्यानी' होण्यास एवढे पुरते. 'व' आणि 'ब' यांतील फरक पोटातील एका तिरप्या रेघेचा आहे. ३ आणि ८ यांतील फरक डावीकडच्या दोन लहान वळणांचा आहे. देवनागरीत अर्थभेद करणारी चिन्हे लहान व शिरोरेषेला चिकटलेली असतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पिक्सेल कमी होणे हा तोट्याचा पहिला भाग. दुसरा भाग जेपीईजी पद्धतीतून येतो. १९९२ साली प्रमाणित झालेली ही पद्धत छायाचित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन करते व प्रत्येक चौकोनातील बारीक चढउतार दर्शविणाऱ्या संख्या ढोबळ करते, अनेकदा शून्यच करते. निसर्गचित्रात आकाश किंवा पाने यांना त्याने फारसे बिघडत नाही, कारण तेथील बदल संथ असतात. पांढऱ्या कागदावरील निळी रेघ हा मात्र एकाएकी होणारा बदल आहे. तो ढोबळ संख्यांत बसत नाही आणि अक्षराभोवती करड्या कणांचे वलय उमटते. वरील हिशेबात ८ पिक्सेल म्हणजे दीड मिलिमीटर, म्हणजे शिरोरेषा, मात्रा व अनुस्वार तिन्ही एकाच चौकोनात सापडतात आणि एकाचे वलय दुसऱ्यात मिसळते. लेखकाच्या त्या विद्यार्थ्याच्या ८ ची डावी वळणे अशाच वलयात विरली असावीत.

रंगाच्या बाबतीत बचत आणखी मोठी असते. मानवी डोळा उजेडाचे भेद बारकाईने व रंगाचे भेद स्थूलमानाने टिपतो, म्हणून रंगाची माहिती बहुधा उभ्या व आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्यावर आणली जाते. निळ्या शाईवर प्राध्यापकाने लाल शाईने केलेली दुरुस्ती छायाचित्रातून परत पाठविली की ती जांभळट डागासारखी दिसते, याचे कारण हेच. वारली चित्रांच्या बाबतीत उलट अनुभव येतो. गेरूच्या तांबूस पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ म्हणजे मुख्यतः उजेडाचा भेद असल्याने आकृती ओळखू येतात. परंतु डहाणू परिसरातील या चित्रांत जाळ्याची किंवा शेताची जी केसासारखी बारीक वीण असते ती एकसंध राखाडी होऊन जाते. चित्रकलेच्या प्रकल्पात असे छायाचित्र पुरावा म्हणून जोडणाऱ्याने हे जाणून असावे.

उपलब्ध पर्याय व त्यांची किंमत

ऑगस्ट २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने छायाचित्रांसाठी `HD` हा पर्याय आणला. छायाचित्र निवडल्यानंतर वरच्या बाजूस दिसणाऱ्या `HD` या खुणेला स्पर्श करून त्या एका छायाचित्रापुरता दर्जा वाढविता येतो. दरवेळी हे करावयाचे नसेल तर `Settings` मध्ये `Storage and data` व त्यात `Media upload quality` येथे जाऊन तो कायम करता येतो. सिग्नलमध्ये याच कामासाठी `Sent media quality` ही मांडणी आहे. `HD` म्हणजे मूळ प्रत नव्हे, ही सूचना मात्र द्यावीशी वाटते. पिक्सेल बरेच अधिक राहतात; संपीडन होतेच.

मूळ प्रत जशीच्या तशी पाठवावयाची असेल तर छायाचित्र `Document` म्हणून जोडावे लागते. तेव्हा ॲप त्या फाइलला हात लावत नाही. यात एक धोका आहे. मूळ फाइलमध्ये छायाचित्र केव्हा व, फोनमध्ये ती सोय सुरू असल्यास, कोणत्या ठिकाणी काढले याचीही नोंद असते. सर्वसाधारण मार्गाने पाठविताना ती नोंद गळते, `Document` मार्गाने ती सोबत जाते. क्षेत्रभेटीच्या छायाचित्राला स्थळाची नोंद हा गुण ठरतो; विद्यार्थिनीने घरातून पाठविलेल्या स्वाध्यायाला मात्र तो दोष होय.

आता किंमत पाहू. वर धरलेले मूळ छायाचित्र सुमारे ४ मेगाबाइटचे असते. सर्वसाधारण दर्जात ते २५० किलोबाइटच्या आसपास व `HD` मध्ये १ मेगाबाइटच्या थोडे पुढे जाते, असे धरून चालू. विद्यार्थी टॉवरपासून दूर, डोंगराच्या कडेला असून त्याला अपलोडसाठी सेकंदाला २५६ किलोबिट एवढाच वेग मिळतो आहे. तर सर्वसाधारण प्रत ८ सेकंदांत जाईल, १.२ मेगाबाइटची `HD` प्रत ३७ सेकंदांत आणि मूळ प्रत सव्वादोन मिनिटांच्या आत. आठ पानांसाठी हाच क्रम १ मिनिट, ५ मिनिटे व सुमारे १७ मिनिटे असा होतो. सतरा मिनिटांत जोडणी एकदाही तुटणार नाही याची हमी जव्हारच्या घाटात कोणी देऊ शकेल असे वाटत नाही.

डाउनलोड सुरळीत असूनही अपलोड अडते, याबद्दल विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर आपण अनेकदा अविश्वास दाखवितो. 'व्हिडिओ बघायला नेट असते, स्वाध्याय पाठवायला नसते का?' हा प्रश्न लेखकानेही विचारला आहे. तांत्रिकदृष्ट्या तो प्रश्न अन्यायकारक होता. टॉवर दहा-वीस वॅटच्या किंवा त्याहून अधिक शक्तीने बोलतो. सर्वसाधारण ४जी फोनची कमाल शक्ती ०.२ वॅट असते. म्हणून दूरच्या वस्तीत टॉवरचे म्हणणे फोनला ऐकू येते, पण फोनचे म्हणणे टॉवरपर्यंत कसेबसे पोहोचते. त्यातच अनेक जाळ्यांमध्ये वेळेचा मोठा हिस्सा डाउनलोडसाठी राखलेला असतो. फोनवरील दांड्या टॉवरकडून येणाऱ्या संकेताचे बळ सांगतात, परतीच्या वाटेचे नव्हे.

प्राध्यापकाच्या बाजूनेही हिशेब आहे. साठ विद्यार्थ्यांची आठ-आठ पाने म्हणजे ४८० छायाचित्रे. सर्वसाधारण दर्जात ती १२० मेगाबाइट भरतात, `HD` मध्ये ५७६ आणि मूळ स्वरूपात जवळजवळ २ गिगाबाइट. दिवसाला दीड गिगाबाइटच्या पॅकमध्ये हा तिसरा पर्याय बसत नाही.

यावर लेखकाच्या मते अधिक योग्य उपाय निराळा आहे. पान कॅमेऱ्याने न टिपता फोनमधील 'स्कॅन'च्या सोयीने टिपावे आणि पीडीएफ करून `Document` म्हणून पाठवावे. स्कॅन करताना पानाच्या कडा ओळखून तिरपेपणा काढला जातो, सतरंजी व बोटे कातरली जातात आणि सर्व पिक्सेल पानाच्याच वाट्याला येतात. केवळ काळा-पांढरा पर्याय निवडल्यास करड्या छटा साठवाव्याच लागत नाहीत. त्यामुळे इंचाला २०० ठिपक्यांचे हस्तलिखित पान बहुधा शंभर किलोबाइटच्या आसपास मावते, म्हणजे सर्वसाधारण छायाचित्राहून लहान आणि त्याहून स्पष्ट. फिकट पेन्सिलीच्या आकृती या पर्यायात नाहीशा होऊ शकतात. त्या पानांपुरता करडा पर्याय ठेवावा. स्कॅन म्हणजे निर्दोष, असेही मानू नये. ऑगस्ट २०१३ मध्ये डाव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने असे दाखवून दिले की, झेरॉक्स कंपनीच्या काही कार्यालयीन यंत्रांवर स्कॅन केलेल्या कागदांत ६ च्या जागी ८ उमटत होता. एकसारखी दिसणारी चिन्हे एकदाच साठवून सर्वत्र तेच वापरण्याची संपीडनाची युक्ती त्यास कारणीभूत होती. तेथे आकडा पुसट न होता स्वच्छ व चुकीचा दिसत होता, हे अधिक भयंकर.

आलेली प्रत कोणत्या मार्गाने आली हे ओळखणे कठीण नाही. अँड्रॉइड फोनवर छायाचित्राचा तपशील उघडावा. नाव `IMG-20240115-WA0007.jpg` अशा धर्तीचे असेल तर ते छायाचित्र म्हणून आलेले आहे. `Document` म्हणून आलेल्या फाइलचे मूळ नाव सहसा कायम राहते. त्याखाली पिक्सेलची संख्या दिलेली असते. मोठी बाजू दीड-दोन हजारांच्या घरात असेल आणि पानाने निम्मीच चौकट व्यापली असेल, तर शंकास्पद आकड्यावर गुण न कापता मूळ वही मागवावी.

चित्रफितीविषयी थोडेसे

चित्रफितीचे तत्त्व तेच असले तरी तेथे काटछाट कितीतरी अधिक होते. फोनने घेतलेली पूर्ण दर्जाची एका मिनिटाची चित्रफीत शंभर मेगाबाइटच्या पुढे जाऊ शकते. सर्वसाधारण दर्जात पाठविताना ती दहा-बारा मेगाबाइटपर्यंत आणली जाते. चित्रफितीत प्रत्येक चौकट नव्याने साठविली जात नाही. आधीच्या चौकटीपेक्षा काय बदलले तेवढेच बहुतांशी नोंदविले जाते. म्हणून हात थरथरला की सगळीच चौकट 'बदलली' असे ठरते, उपलब्ध बिट त्या थरथरीवर खर्च होतात आणि ब्युरेटवरील ०.१ मिलिलिटरच्या रेघांसाठी काहीच उरत नाही. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून घेतलेली साधी चित्रफीत हातात धरलेल्या `HD` चित्रफितीपेक्षा अनेकदा अधिक वाचनीय ठरते. वाचनाच्या क्षणी वेगळे स्थिर छायाचित्र घ्यावे हे तर उत्तमच. मोठी चित्रफीत मूळ स्वरूपातच हवी असल्यास २०२२ पासून `Document` मार्गाने २ गिगाबाइटपर्यंतची फाइल पाठविता येते. ती पाठविण्याचे काम महाविद्यालयाच्या वाय-फायवर करावे.

कॉलमधील डेटा-बचत

व्हॉट्सॲपच्या `Storage and data` या भागात `Use less data for calls` ही मांडणी आहे. टेलिग्राम व सिग्नलमध्येही ती असून तेथे ती केवळ मोबाइल डेटापुरती किंवा सदैव लागू करता येते. ती नेमके काय वाचवू शकते हे समजण्यासाठी आवाजाची पाकिटे कशी जातात ते पाहिले पाहिजे.

इंटरनेटवरील संभाषणात आवाजाचे लहान तुकडे करतात. प्रत्येक तुकडा २० मिलिसेकंदांचा असेल तर सेकंदाला ५० पाकिटे निघतात. प्रत्येक पाकिटावर पत्ता व क्रमांक लिहावाच लागतो. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत या मजकुराला सुमारे ६० बाइट लागतात, म्हणजे नुसत्या पत्त्यांसाठी सेकंदाला २४ किलोबिट खर्ची पडतात. आतील आवाजही २४ किलोबिटचा धरला, तर निम्मा खर्च पाकिटाचाच झाला. म्हणून आवाजाचा दर्जा कितीही उतरविला तरी खर्च निम्म्याच्या खाली जात नाही. खरी बचत पाकिटे मोठी करण्यात आहे. तुकडा ६० मिलिसेकंदांचा केला तर पत्त्यांचा खर्च ८ किलोबिटवर येतो. आवाजही ८ किलोबिटवर आणला, तर दोन्ही बाजू मिळून दहा मिनिटांच्या कॉलला ७.२ ऐवजी सुमारे २.४ मेगाबाइट लागतात. अशा कमी दरातही बोलणे कळावे यासाठी २०१२ साली प्रमाणित झालेली 'ओपस' ही ध्वनिसंकेतन पद्धत सेकंदाला ६ किलोबिटपर्यंत खाली येऊ शकते.

परंतु मोठ्या पाकिटाला मोठा तोटा आहे. एक पाकीट हरवले तर २० ऐवजी ६० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे जवळजवळ एखादे व्यंजन नाहीसे होते. यामुळे मांडणी लावावी की न लावावी हे तक्रारीच्या स्वरूपावरून ठरवावे. आवाज सलग पण घशातून आल्यासारखा येत असेल तर उपलब्ध दर कमी आहे. शब्दांचे मधले तुकडे गळत असतील तर पाकिटे हरवत आहेत. दोघेही एकदमच बोलू लागत असतील तर पाकिटे उशिरा पोहोचत आहेत. पहिल्या प्रकारात जोडणी संथ पण स्थिर असते आणि बचतीची मांडणी निश्चित उपयोगी पडते. दुसऱ्या प्रकारात तिचा भरवसा नाही. विरारहून डहाणूकडे जाणाऱ्या लोकलमध्ये, वैतरणा ओलांडून सफाळे, केळवे रोड मागे पडेपर्यंत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात राहतो. त्या संक्रमणात हरवणारी पाकिटे कोणतीही मांडणी परत आणीत नाही.

दृश्य कॉलमध्ये आवाजाचा हा हिशेब गौण ठरतो, कारण चित्राला शेकडो किलोबिट लागतात. जोडणी अडखळू लागताच कॅमेरा बंद करणे हीच तेथे सर्वांत मोठी बचत होय. आणि केवळ बोलावयाचे असेल तर ॲप तरी कशासाठी हवे? ४जी जाळ्यातून जाणाऱ्या साध्या कॉलला जाळे स्वतंत्र व अग्रक्रमाची वाट देते, तो डेटा-पॅकमधून वजा होत नाही आणि आजच्या बहुतेक पॅकमध्ये त्याला वेगळे शुल्कही नसते. मोखाड्याच्या बाजूच्या विद्यार्थ्यांची प्रकल्पावरील तोंडी चर्चा लेखक आता साध्या कॉलवरच घेतो. पाने आदल्या रात्री स्कॅन करून आलेली असतात. रात्री उशिरा टॉवरवरील गर्दी ओसरते तेव्हा ती निघतात, असे विद्यार्थीच सांगतात.